वेळ अस्पष्ट

काचेच्या आड लावलेल्या कागदाचा फ्लॅश मारून फोटो काढणाऱ्या माणसाला कुठली शिक्षा द्यावी, यावर मी शनिवारी संध्याकाळी बराच विचार केला. माणूस म्हणजे आमच्या डायलिसिस सेंटरच्या गाडीचा ड्रायव्हर. पाणीखात्याच्या कचेरीत स्वतःच्या नळाची तक्रार घेऊन गेला होता. तिथल्या व्हरांड्यात, काचेच्या फलकात, सोमवारच्या पाणीबंदीची सूचना त्याला दिसली आणि त्यानं मोठ्या उत्साहानं फोटो काढून मला पाठवला. फोटो तिरका, कडेची अक्षरं निसटत आलेली, आणि बरोबर मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. मी फोन करून म्हटलं, परत जा आणि नीट काढ. तो म्हणाला, बाई, कचेरी बंद झाली, मी घरी जेवायला बसलोय.

मी सेंटरच्या पुढच्या टेबलावर बसते. कोण कुठल्या पाळीला, कुणाला कुठली खुर्ची, कोण आलं नाही, कुणाच्या घरी फोन करून ओरडायचं, हे सगळं माझ्या गळ्यात. पाणीबंदीच्या सूचनेचा तक्ता करणंही माझ्याच गळ्यात. डायलिसिस म्हटलं की लोकांना रक्त आठवतं, आम्हाला पाणी आठवतं. एका माणसाच्या चार तासांना शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना जवळजवळ तेवढंच मोरीत जातं. नळ कोरडा पडला की गच्चीवरच्या टाकीत जेवढं आहे तेवढ्यात भागवायचं, आणि ते एका पाळीपुरतंच असतं. टँकर बोलवा म्हणून शहाणपणा शिकवणारे खूप भेटतात. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतलं, कुणास ठाऊक. तपासणी झाल्याशिवाय आमचा टेक्निशियन ते यंत्राला लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

तर सूचना. या सूचना लिहिणारा माणूस सरळ बोलला तर त्याची नोकरी जात असावी. अख्खं पान एका वाक्यात. कामास्तव, सदर कालावधीत, तरी नागरिकांनी नोंद घेऊन सहकार्य करावे. त्या वाक्याच्या पोटात दोन वेगळी कामं होती. पहिलं झडप बदलण्याचं, सकाळी नऊ ते दुपारी एक. दुसरं चौकातली नवी जलवाहिनी जुनीला जोडण्याचं. तिथे 'दुपारी' एवढं वाचता येत होतं, मग पांढरा गोळा, आणि गोळ्याच्या पलीकडे 'वाजेपर्यंत'. दोन्ही कामांखाली भागांची नावं एकामागून एक ओतलेली. आमच्या भागाचं नाव पहिल्या कामाखाली होतं आणि दुसऱ्या कामाखालीही होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कामं सुटी करायची. मग प्रत्येक कामाखालचा एकेक भाग वेगळ्या ओळीत. भाग, काम, बंद कधी, चालू कधी, शेरा. दिसलं ते लिहायचं, आणि दिसलं नाही तिथे दिसलं नाही असंच लिहायचं, मनातलं घुसडायचं नाही. एक भाग दोन कामांत आला तर त्याच्या दोन ओळी. आमच्या भागाच्या दोन ओळी झाल्या. पहिली स्वच्छ. दुसरीत मी लिहिलं, 'दुपारी, वेळ अस्पष्ट'. शेऱ्यात, 'चालू झाल्यावर कमी दाबाने'. खाली मूळ फोटो जोडला, म्हणजे ज्याला शंका असेल त्यानं स्वतः डोळे फोडून घ्यावेत.

आता सोमवारचं गणित. सकाळची पाळी टाकीतल्या पाण्यावर निघाली असती. पण दुपारच्या पाळीचे वांधे होते. पाणी एकला आलं, तरी बंदनंतरचं पहिलं पाणी गढूळ येतं, आणि खातं त्यात औषध सढळ हातानं टाकतं. ते सोडून द्यायचं, क्लोरीन तपासायचं, मग टाकी भरायची. दुसरं काम दुपारी कधीही सुरू होणार म्हणजे एवढं उरकायला वेळ मिळेल की नाही, याची खात्री नाही. मशीनवर माणूस अर्ध्यात असताना पाणी संपलं तर काय, हा विचारही मला करायचा नव्हता. वेळ दिसत नसेल तर वाईटात वाईट वेळ धरायची. मी दुपारची पाळी रद्द धरली.

दुपारच्या पाळीला चारजण. दोघांना डॉक्टरांनी एक दिवस थांबायची परवानगी दिली, ते मंगळवारवर गेले. तिसरे मास्तर, त्यांना पहाटे या म्हटलं तर ते बिचारे आदल्या दिवशीच येऊन बसतील असे. चौथी माझी धाकटी जाऊ.

आता हिच्याबद्दल सांगायलाच हवं. आम्ही एकाच इमारतीत राहतो, आम्ही खाली, ती आणि माझे धाकटे दीर वर. चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि भरल्या घरात ही म्हणाली, दवाखान्यात नोकरी करते म्हणून मिरवते, आणि सासूला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही. सासूबाईंना मीच नेलं होतं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. ती त्या दिवशी माहेरी होती. माझ्या नवऱ्यानं तेव्हाही तोंड उघडलं नाही आणि आजही उघडत नाही, तो मुळात भिंतीसारखा आहे. मी मात्र ते विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

मग देवाला काय सुचलं, तिची मूत्रपिंडं गेली आणि खुर्ची मिळाली ती आमच्याच सेंटरमध्ये. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारची पाळी. ती येते, माझ्यासमोरून जाते, सही करते, मान वर करत नाही. मीही नाव पुकारायचं काम टेक्निशियनवर सोपवलंय. त्या आठवड्यात तिनं शुक्रवार बुडवला होता. बहिणीकडे गेली होती म्हणे, कंटाळा आला म्हणे. शनिवारी जिन्यात दिसली तर चेहरा सुजून डबा झालेला, आणि एकेका पायरीवर थांबत होती. बुधवारनंतर तिच्या अंगातलं पाणी काढलेलं नव्हतं. सोमवारही गेला असता तर ते पाणी फुप्फुसात चढलं असतं. असं चढलं की रात्री-अपरात्री मोठ्या हॉस्पिटलात पळवावं लागतं, आणि पळवलेले सगळे परत येत नाहीत. हे मला रोज दिसतं. मला ती आवडत नाही, पण मला ती मरायला नको होती. एवढं साधं होतं ते, आणि स्वतःशी कबूल करतानासुद्धा मला राग येत होता.

मी तक्ता पेशंटच्या ग्रुपवर टाकला आणि मास्तरांना व तिला पहाटे पाचला या असं लिहिलं. टेक्निशियनला आधीच विचारलं होतं. तो कुरकुरला, पण येतो म्हणाला.

अर्ध्या तासात आमच्या रंगाऱ्यांचा तक्ता आला. रंगारी म्हणजे माझे दीर. विम्याच्या कचेरीत आहेत, वसाहतीच्या ग्रुपचे ॲडमिन आहेत, आणि त्यांना तक्त्यात रंग भरायचा भारी सोस. हिरवं म्हणजे पाणी आहे, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. तोच फोटो कुणीतरी त्यांच्याकडे पोचवला होता. भाग अकारविल्हे लावलेले, प्रत्येकाची एकच ओळ. आमच्या भागापुढे सकाळी नऊ ते एक, नंतर हिरवंगार. दुसरी ओळ गायब.

मी रागानं फोन लावला. दिरांशी माझं बोलणं आहे, ते बिचारे दोन्ही मजल्यांवर गोड बोलून जगतात. म्हणाले, वहिनी, ते नाव दोनदा आलं होतं, टायपिस्टची चूक असणार, म्हणून मी एक काढून टाकलं. आणि त्या दुसऱ्यात वेळही नीट दिसत नव्हती, मग ठेवून काय उपयोग? मी सांगितलं, भावोजी, नाव दोनदा आलंय कारण पाणी दोनदा जाणार आहे. तर हसले. म्हणाले, एकला सोडायचं आणि पुन्हा बंद करायचं, एवढं येड्यासारखं कोण करेल? मी म्हटलं, दोन वेगळी कामं, दोन वेगळे ठेकेदार, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. ते म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे बघणार नाही. तोवर त्यांच्या तक्त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. आमच्या मजल्यावरच्या दोघींनी तर मला विचारलं, तुमच्या त्या 'अस्पष्ट'पेक्षा भावोजींचं किती सुटसुटीत आहे नाही?

त्यानंतर वरून फोन आला. चार वर्षांत पहिला. मी उचलला तर नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मला... पहाटे... का ढकलताय?" ती म्हणाली. मध्ये मध्ये दम घेत होती. "यांच्या तक्त्यात... दुपारी पाणी आहे. तुम्हाला... माझी झोप मोडायची आहे... एवढंच."

मी म्हटलं, पाणी दुपारी पुन्हा जाणार आहे, फोटो बघ. ती म्हणाली, फोटोत काही दिसत नाही, तुम्हालाच दिसतं. मी म्हटलं, दिसत नाही म्हणूनच तर. पुढे आम्ही दोघी एकदमच बोलत राहिलो आणि कुणीच ऐकलं नाही. शेवटी ती म्हणाली, सासूबाईंच्या वेळी उशीर केलात, आता मला उठवून मारायचं आहे का. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोन ठेवून मी ओट्यावरची सगळी भांडी उगाच परत घासली.

रविवारी सकाळी मी पाणीखात्याच्या कचेरीवर गेले. फाटकाला कुलूप. आत व्हरांड्यात तो फलक दिसत होता, कागदही दिसत होता, अक्षर मात्र एकही नाही. वॉचमन खुर्चीत बसून पाय ताणून होता. मी त्याला म्हटलं, दादा, तेवढं जाऊन वाचून सांगा, नाहीतर माझ्या फोननं फोटो काढून आणा. म्हणाला, ऑर्डर नाही. मी म्हटलं, लोकांनी वाचावं म्हणूनच लावलंय ना ते? म्हणाला, कामकाजाच्या वेळेत. सूचना सोमवारची, कामकाजाची वेळ सोमवारी दहाला, आणि पाणी नऊला जाणार. हे मी त्याला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो उठला आणि खुर्ची घेऊन फाटकापासून लांब जाऊन बसला. मदतीच्या नंबरवर एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात माझा फोन महत्त्वाचा आहे असं सांगत होती.

तिथून डॉक्टरांकडे गेले. सेंटर त्यांचं. बंगल्याच्या अंगणात पाइपनं झाडांना पाणी घालत होते. मी दोन्ही तक्ते दाखवले. त्यांनी पाइप न सोडता बघितले आणि रंगीत तक्त्याकडे बोट करून म्हणाले, हा समजतो. मग कळलं, आमच्या वरच्या जाऊबाईंनी आदल्या रात्रीच त्यांना फोन करून माझी तक्रार लावली होती.

"अस्पष्ट ही काय वेळ झाली?" ते म्हणाले. "अस्पष्टसाठी मी माणसांना पहाटे पाचला बोलवायचं?"

मी म्हटलं, डॉक्टर, वेळ माहीत नाही, पण बंद होणार हे माहीत आहे. त्या तक्त्यात तेही नाही. त्यावर ते म्हणाले की शेकडो लोक तो तक्ता धरून चाललेत, सगळे मूर्ख आहेत का. मग आवाज खाली आणून म्हणाले, बाई, तुमचं घरचं भांडण माझ्या सेंटरमध्ये नको. दोघं मंगळवारवर गेले ते गेले, बाकी दुपारची पाळी राहील. कुणी स्वतःहून पहाटे मागितली तर दोन मशीन लावा, माझी हरकत नाही. पण तुम्ही कुणालाही पाळी बदला म्हणून सांगायचं नाही, आणि तुमच्या जाऊबाईंना तर नाहीच. मी हो म्हटलं. पाइपचं पाणी तोवर कुंडीतून बाहेर वाहत होतं, तेही त्यांना दिसलं नाही.

मी घरी आले. मास्तरांनी स्वतःहून पहाट मागितली, तो प्रश्न मिटला. राहिली ही. मी दिलेलं ती घेणार नाही. मी विष आहे म्हटलं तर ती पिऊन दाखवेल, आणि औषध म्हटलं तर थुंकेल. लग्न होऊन आली तेव्हापासूनची तऱ्हा. मला खालचं घर मिळालं तर हिला खालचंच हवं होतं. मला सासूबाईंनी नेसतं पातळ दिलं तर हिला तेच हवं, दुसरं नवं नको. जिन्यात उभी राहून मी हा विचार करत होते, आणि एकदम मला मार्ग दिसला. हिला द्यायचं नाही. हिच्यापासून लपवायचं.

मी दिरांना खाली बोलावलं, चहा दिला. म्हटलं, भावोजी, मी हरले, तुमचा तक्ता बरोबर. तिला दुपारीच येऊ द्या. रंगारी खूश झाले. मग मी जरा घुटमळल्यासारखं केलं आणि म्हटलं, तसंही पहाटेची दुसरी खुर्ची आता मोकळी नाही. डॉक्टरांच्या ओळखीतल्या कुणी बाई आहेत, मोठ्या घरच्या, त्यांच्यासाठी ठेवलीय. गर्दी नसते, एसी लावतात, नवीन मशीन मिळतं. पण तिला बोलू नका हं, उगाच तिच्या मनाला लागेल.

दिरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आख्ख्या वसाहतीला माहीत आहे. ते कपातला शेवटचा घोट वर जाताना जिन्यात घेत होते.

वरून आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, तिला सलग बोलताच येत नव्हतं, पण सूर कळत होता. मी भाजी चिरत बसले. भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, आणि डॉक्टरांचा फोन आला. वैतागलेले होते.

"तुमच्या जाऊबाईंनी स्वतः पहाटेची खुर्ची मागितली आहे. म्हणतात, ओळखीच्या लोकांना खुर्च्या वाटता आणि जुन्या पेशंटना मागे ठेवता. ही ओळखीची बाई कोण?"

मी म्हटलं, काही गैरसमज झाला असेल डॉक्टर, तशी कुणी येणार नाही. मग ती खुर्ची त्यांना द्या, ते म्हणाले, आणि यापुढे खुर्च्यांचे व्यवहार माझ्या नावावर करू नका. मी बरं म्हटलं. हात धुतले आणि टेक्निशियनला कळवलं, दोघं येतायत.

सोमवारी पहाटे ती दिरांच्या हाताला धरून आली. सेंटरच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, तिला त्या चढायला एवढा वेळ लागला की मास्तर आत जाऊन मशीनला लागलेसुद्धा. ओठ निळसर दिसत होते. पावलं चपलेत मावत नव्हती. मला धावत जाऊन तिला धरावंसं वाटलं, पण मी धरलं असतं तर ती तिथूनच परत फिरली असती. मी टेबलामागे बसून राहिले आणि तोंड जितकं वाकडं करता येईल तितकं केलं. ते मला फार अवघड गेलं असं नाही.

ती टेबलाशी थांबली. "कुणाची... होती... खुर्ची?"

"होती एकांची," मी म्हटलं.

"आता... माझी आहे," ती म्हणाली, आणि सही न करताच आत गेली.

वजन केलं तेव्हा टेक्निशियननं काटा दोनदा बघितला आणि डॉक्टरांना झोपेतून उठवलं. डॉक्टर म्हणाले, सगळं पाणी एका दिवसात काढू नका, तिचं हृदय झेपणार नाही, आज झेपेल तेवढं, मंगळवारी परत बोलवा. एकदा मध्ये तिचं ब्लडप्रेशर घसरलं. टेक्निशियननं खुर्ची आडवी केली, वेग कमी केला, ती सावरली. मी काचेतून बघत होते. तिनं डोळे उघडले तर मी दिसू नये म्हणून बाजूला झाले. नळ नऊला गेला तोवर तिची सुई निघाली होती.

दुपारी एक वाजून गेल्यावर पाणी आलं. काळं म्हणावं की तांबडं, असं. टेक्निशियननं ते मोरीत सोडून दिलं, बराच वेळ सोडत राहिला. निवळल्यावर पट्टी बुडवली तर क्लोरीन चढलेलं. पुन्हा सोडलं. दुसऱ्यांदा पट्टी जरा बरी आली आणि तो टाकीकडे नळ वळवणार, तेवढ्यात नळानं दोन-तीनदा फुरफुर केली आणि जीव सोडला. तेव्हा पावणेतीन झाले होते. डॉक्टर त्यांच्या खोलीत होते, दार उघडं होतं, पाइपची ती फुरफुर त्यांनाही ऐकू गेली असणार. ते बाहेर आले नाहीत. पाणी मंगळवारी उजाडता आलं.

मला वाटलं होतं, आता तरी दीर खाली येतील. ते ग्रुपवर आले. पाणीखात्यानं ऐनवेळी वेळापत्रक बदलल्यामुळे नागरिकांची गैरसोय झाली, याचा निषेध. खाली नवा तक्ता, लाल रंग वाढवलेला. लोकांनी त्यांचे आभार मानले. आणि पेशंटच्या ग्रुपवर बाईंनी लिहिलं होतं, मी भांडून खुर्ची मिळवली म्हणून आज जिवंत आहे, नाहीतर काही लोकांनी ती ओळखीवर वाटून टाकली होती. दुपारी यायचं ठरलं असतं तर माझं काय झालं असतं याचा विचार करा. त्यात माझं नाव नव्हतं. गरजही नव्हती.

मंगळवारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले की तुमच्या जाऊबाईंना माफी हवी आहे, नाहीतर त्या सेंटर सोडणार. मी म्हटलं, डॉक्टर, त्या 'अस्पष्ट' ओळीचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. ते म्हणाले, बघितलं. मग बराच वेळ टेबलावरची पेनं सरळ करत राहिले. खरं काय ते जाऊबाईंना सांगायचं आहे का, असं त्यांनी मला विचारलं. म्हणजे सगळं नाही तरी काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मी विचार केला. खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की खुर्ची मी दिली. माझ्या हातचं घेतलं म्हणून ती जळून उठली असती. दुसऱ्या सेंटरला जागा नव्हती, तिथली यादी मी स्वतः पाहिली होती. आणि पुढच्या पाणीबंदीला मी पहाट लपवली की तिनं मुद्दाम दुपार धरली असती. माझ्याकडे तिला ओढून आणायचा हा एकच दोर होता. तो आपल्याच हातानं कापायचा, एवढी काही मला स्वतःच्या अब्रूची पडलेली नव्हती. पडलेली होती, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, मागते माफी.

बुधवारी दुपारी ती खुर्चीत होती. चारही मशीनं चालू, चौघंही जागे, टेक्निशियन उगाच नळ्या तपासत उभा. तिचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. अंगाचा नुसता संताप होत होता, कानशिलं तापली होती. म्हटलं, माझी चूक झाली, तुझी खुर्ची मी दुसऱ्याला द्यायला नको होती.

तिनं उशीवरून मान उचलली आणि माझ्याकडे पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"मोठ्यानं बोला जाऊबाई, पलीकडच्या मास्तरांनाही ऐकू जाऊ दे, आणि एवढं ध्यानात ठेवा की पुन्हा माझ्या वाटेला गेलात तर नुसत्या माफीवर भागणार नाही, सासूबाई गरीब होत्या, मी नाही."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. मध्ये कुठेही थांबली नाही.

मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.